पाठांची फाइल जमा केली, आता तोंडी परीक्षेत काय विचारतील? संभाव्य प्रश्न आणि नमुना उत्तरं

बीएडची सराव पाठांची फाइल सही-शिक्क्यासह जमा झाली की अनेक जण तोंडी परीक्षेसाठी व्याख्या पाठ करायला बसतात. अध्यापन म्हणजे काय, सूक्ष्म अध्यापन म्हणजे काय, मूल्यमापन म्हणजे काय. प्रत्यक्ष परीक्षेत चित्र बरंचसं वेगळं असतं. बहिःस्थ परीक्षकांच्या समोर तुमची फाइल असते. ते ती मधूनच कुठेतरी उघडतात, एका टाचणावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे असं का केलंत?"

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच गाइडमध्ये नसतं, कारण तो तुमच्या पाठाबद्दलचा असतो. म्हणून इथे सुट्या प्रश्नांची लांबलचक यादी दिलेली नाही. एकच टाचण घेऊन त्यावर परीक्षक कसे प्रश्न विचारत जातात आणि त्यांना कशी उत्तरं देता येतात ते पाहू. तुमचा विषय मराठी असो, इतिहास असो की विज्ञान, प्रश्नांची चाल हीच राहते. गुणांची विभागणी आणि पाठांची संख्या विद्यापीठानुसार बदलते, तेवढी आपल्या कॉलेजच्या पुस्तिकेत बघून घ्या.

समोर उघडलेलं टाचण

समजा, फाइलमधला हा पाठ आहे. विषय गणित, इयत्ता सहावी, उपघटक 'भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज'. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात ४० विद्यार्थी. साहित्य म्हणून १२ सेंटिमीटर लांबीच्या कोऱ्या कागदी पट्ट्या, प्रत्येक जोडीला दोन. मुलांनी एका पट्टीचा १/२ भाग आणि दुसरीचा १/३ भाग रंगवायचा, मग दोन्ही पट्ट्यांचे सहा-सहा समान भाग करायचे आणि रंगवलेले भाग मोजायचे. पाठाखाली मार्गदर्शकांचा शेरा आहे: 'कृती चांगली. मूल्यमापनाला वेळ उरला नाही.'

एवढ्या मजकुरावर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा सहज होते.

प्रश्न १: "पूर्वज्ञानात तुम्ही 'समच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते' असं लिहिलंय. येते हे तुम्हाला कसं कळलं?"

टाचणातला पूर्वज्ञानाचा रकाना सगळेच भरतात, पण बहुतेक जण तो अंदाजाने भरतात. परीक्षकांना नेमकं हेच तपासायचं असतं.

नमुना उत्तर: "सर, प्रस्तावनेत मी तीन प्रश्न विचारले. पहिला, २/७ आणि ३/७ यांची बेरीज किती? दुसरा, १/२ म्हणजे सहा भागांपैकी किती भाग? या दोन्हींची उत्तरं वर्गातून बरोबर आली. म्हणजे समच्छेद बेरीज आणि सममूल्य अपूर्णांक त्यांना येत होते. मग तिसरा प्रश्न विचारला, १/२ अधिक १/३ किती? इथे मुलं अडली. ती जिथे अडली तिथेच मी हेतुकथन केलं."

या उत्तरात पूर्वज्ञान, प्रस्तावना आणि हेतुकथन यांचा परस्परसंबंध आपोआप येतो. 'प्रस्तावनेचा उद्देश काय' आणि 'हेतुकथन केव्हा करावं' हे पुढचे दोन प्रश्न मग परीक्षकांना विचारावे लागत नाहीत.

इथे पुरवणी प्रश्न येऊ शकतो: "लसावि का वापरला नाही?" वर्गाला तोवर लसावि शिकवला नसेल तर तसं सांगा. "या वर्गाचा लसावि अजून झाला नव्हता. म्हणून २ चे पट आणि ३ चे पट लिहून दोघांत पहिल्यांदा येणारी सामाईक संख्या शोधली, ती ६ होती." वर्गाची पातळी ओळखून रीत निवडली, हे यातून दिसतं.

प्रश्न २: "उद्दिष्टांत 'विद्यार्थ्यांना बेरीज समजते' असं लिहिलंय. समजलं हे दिसतं कुठे?"

फाइलींमधला हा सर्वांत नेहमीचा दोष. 'समजते', 'माहीत होते', 'आवड निर्माण होते' ही क्रियापदं वर्गात डोळ्यांना दिसत नाहीत. उद्दिष्टाखालचं स्पष्टीकरण अशा वर्तनात लिहायचं असतं, जे पाहता किंवा ऐकता येतं: ओळखतो, कारण सांगतो, चूक शोधतो, उदाहरण सोडवतो.

तुमच्या फाइलमध्ये 'समजते' असं लिहिलेलं असेल तर त्याचा बचाव करू नका. नमुना उत्तर असं देता येईल: "मॅडम, हे क्रियापद मोजता येणारं नाही, ते मी बदलायला हवं होतं. ज्ञानाच्या उद्दिष्टाखाली 'भिन्नछेद अपूर्णांक ओळखतो', आकलनाखाली 'छेद समान का करावे लागतात याचं कारण सांगतो' आणि उपयोजनाखाली 'भिन्नछेद बेरजेचं शाब्दिक उदाहरण सोडवतो' असं लिहीन."

यानंतर अनेकदा ब्लूमचं नाव निघतं. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांचं वर्गीकरण १९५६ चं. अँडरसन आणि क्रॅथवॉल यांनी २००१ मध्ये ते सुधारलं. सुधारित क्रम स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती असा आहे. परीक्षकांनी विचारलं तर एवढं पुरतं. पण लगेच आपल्या पाठाशी सांधा जोडा: "माझ्या पाठात पहिल्या तीनच पातळ्या आहेत. ३५ मिनिटांत त्याहून जास्त उद्दिष्टं घेतली नाहीत." सहाही पातळ्या एकाच तासात साधल्याचा दावा केलात, तर पुढचे प्रश्न अवघड होत जातात.

प्रश्न ३: "या पाठात मुलांनी कोणती चूक केली?"

तो पाठ खरोखर वर्गात घेतला होता की नाही, हे या एका प्रश्नावरून कळतं. पाठ घेतलेल्या माणसाला चूक आठवते. टाचण फक्त उतरवून काढलेला माणूस म्हणतो, "काही चूक झाली नाही, सगळ्यांना आलं."

नमुना उत्तर: "सर, काही मुलांनी १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिलं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. मी लगेच चूक म्हटलं नाही. त्यांना विचारलं, २/५ मोठे की १/२ मोठा? पट्ट्या शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसलं की २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल? तिथे मुलांनी स्वतःच उत्तर खोडलं."

मग परीक्षक विचारतील, "मुलं अशी चूक का करतात?" उत्तर असं: "पूर्ण संख्यांची सवय ती अपूर्णांकाला लावतात. वरची आणि खालची संख्या त्यांना दोन स्वतंत्र संख्या वाटतात. छेद म्हणजे भागाचा आकार, हे डोक्यात बसलेलं नसतं. म्हणून १२ सेंटिमीटरच्या पट्टीवर अर्धा म्हणजे ६ सेंटिमीटर, तिसरा भाग म्हणजे ४ सेंटिमीटर, मिळून १० सेंटिमीटर, असं मोजून घेतलं. २ सेंटिमीटरचा एक तुकडा म्हणजे पट्टीचा सहावा भाग. असे पाच तुकडे झाले, म्हणून उत्तर ५/६."

'हा पाठ ज्ञानरचनावादी कसा?' असा प्रश्न आला तरी हीच घटना सांगा. मुलाकडे आधीपासून असलेली कल्पना बाहेर काढली, तिचा प्रत्यक्ष अनुभवाशी झगडा होऊ दिला आणि दुरुस्ती त्याच्याकडून झाली. नुसतं 'विद्यार्थी स्वतः ज्ञानाची रचना करतो' हे वाक्य म्हणण्यापेक्षा ते जास्त पटतं.

प्रश्न ४: "मूल्यमापनाला वेळ उरला नाही, असा शेरा आहे. मग?"

फाइलमधले शेरे ही आपली कमजोरी आहे असं समजून अनेक जण त्या पानांवर घाबरतात. परीक्षकांना तिथे चूक मोजायची नसते. शेरा वाचल्यावर तुम्ही पुढच्या पाठात काय बदललं, हे बघायचं असतं. शेऱ्याबद्दल तक्रार केली, मुलं गोंधळ करत होती किंवा शाळेने वेळ कमी दिला असं सांगितलं, की उत्तर तिथेच संपतं.

नमुना उत्तर: "मॅडम, कृतीसाठी मी ८ मिनिटं धरली होती, पण ती १४ मिनिटं चालली. पट्ट्या कोऱ्या होत्या. मुलांना पट्टीने मोजून सहा समान भाग आखायला वेळ लागला, काही जणांच्या रेघा वाकड्या आल्या आणि भाग समान राहिले नाहीत. त्यामुळे मूल्यमापनाचे तीन प्रश्न होते, त्यातला एकच विचारता आला. पुढच्या पाठात मी पट्ट्यांवर दर २ सेंटिमीटरला रेघ आखून नेली. मुलांना फक्त रंगवायचं आणि मोजायचं काम राहिलं, कृती वेळेत झाली."

इथे चूक, तिचं कारण आणि तिचा उपाय, तिन्ही आले. शिवाय पुढच्या पाठाच्या टाचणात ही सुधारणा दिसत असेल, तर ते पान उघडून दाखवा.

पुरवणी प्रश्न: "आखलेल्या पट्ट्या देऊन तुम्ही मुलांचं काम कमी केलं नाही का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर: "आखणी हे या पाठाचं उद्दिष्ट नव्हतं. पण सहाच भाग का करायचे, याचा विचार मुलांनी करायला हवा होता, तो आखलेल्या पट्टीमुळे थोडा हातून गेला. म्हणून भाग करण्याआधी 'दोन्ही पट्ट्यांना चालेल असे किती भाग करावे?' हा प्रश्न मी वाढवला." फायद्याबरोबर तोटाही सांगता आला, तर तो उपाय तुम्ही विचार करून निवडला होता हे कळतं.

प्रश्न ५: "सूक्ष्म अध्यापनात सूक्ष्म काय असतं?"

फाइलच्या सुरुवातीला सूक्ष्म पाठ असतात, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. सूक्ष्म अध्यापनाची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. ड्वाइट अ‍ॅलन यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. आपल्याकडच्या प्रचलित चक्रात अध्यापन ६ मिनिटं, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६, अशी एकूण ३६ मिनिटं असतात. वेळ, विद्यार्थीसंख्या आणि आशय तिन्ही कमी केलेले असतात आणि एका वेळी एकाच कौशल्यावर लक्ष दिलं जातं.

एवढं सांगितल्यावर खरा प्रश्न येतो: "तुमच्या पहिल्या पाठात आणि पुनरध्यापनात काय फरक पडला?"

नमुना उत्तर: "माझं प्रश्न कौशल्य होतं. पहिल्या सहा मिनिटांत मी ११ प्रश्न विचारले. निरीक्षण तक्त्यात दिसलं की त्यांतले ६ प्रश्न 'हो' किंवा 'नाही' उत्तराचे होते. शिवाय प्रश्न विचारून मी लगेच नाव घेत होतो, त्यामुळे बाकीचे विचारच करत नव्हते. पुनरध्यापनात ९ प्रश्न विचारले, त्यांत हो-नाहीचे दोनच होते. आधी प्रश्न, मग थोडा थांबा, मग नाव, असा क्रम ठेवला."

हे आकडे आठवणीतून सांगायचे नसतात. ते तुमच्याच निरीक्षण तक्त्यात असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक कौशल्याच्या दोन्ही तक्त्यांतला एकेक फरक शोधून ठेवा. दोन्ही तक्ते अगदी सारखे भरलेले असतील, तर परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असेल.

प्रश्न ६: "घटक चाचणीचा संविधान तक्ता कशासाठी केलात?"

'चाचणीचा आराखडा म्हणून' हे उत्तर अपुरं आहे. तक्त्याने नेमकं काय टळतं ते सांगा. "तक्ता नसेल तर नकळत सगळे प्रश्न आकडेमोडीचे होतात. २५ गुणांच्या चाचणीत मी ज्ञानाला ५, आकलनाला १०, उपयोजनाला ८ आणि कौशल्याला २ गुण ठेवले. आकलनाला जास्त, कारण या घटकात रीत पाठ होते पण कारण राहून जातं."

मग परीक्षक निकालाच्या पानाकडे वळतात: "एखादा प्रश्न दाखवा, ज्यातून तुम्हाला काही कळलं." इथे चाचणीचं विश्लेषण कामाला येतं.

नमुना उत्तर: "चौथा प्रश्न होता: एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं, त्याची चूक सांगा. ४० पैकी १४ जणांना तो आला, म्हणजे ३५ टक्के. आधी मला वाटलं की प्रश्नाची भाषा अवघड झाली. मग बरोबर न आलेल्या २६ जणांचे पेपर पुन्हा पाहिले. त्यांतल्या १८ जणांनी पाचव्या प्रश्नातली भिन्नछेद बेरीज मात्र बरोबर सोडवली होती. म्हणजे त्यांना रीत आली होती, पण छेद समान का करायचे हे आलं नव्हतं. त्या १८ जणांसाठी पुन्हा पट्ट्या घेतल्या. उरलेल्या ८ जणांना मात्र बेरीजच जमली नव्हती, त्यांच्याकडून आधी सममूल्य अपूर्णांक पक्के करून घेतले."

हे उत्तर चांगलं का? कारण त्यात गुणांची सरासरी सांगून काम संपवलेलं नाही. नापास झालेले सगळे एकाच कारणाने नापास होत नाहीत, हे शिक्षकाला कळलेलं आहे. उपचारात्मक अध्यापन म्हणजे काय, याची व्याख्या न सांगताही ते यात दिसतं.

फाइलच बोलते तेव्हा

काही प्रश्न टाचणाच्या मजकुरातून येत नाहीत, फाइलमधल्या विसंगतीतून येतात. पाठाची तारीख रविवारची किंवा सुट्टीची असणं, एकाच वर्गाची पटसंख्या एका टाचणात ४० आणि दुसऱ्यात ५२ असणं, टाचणात फलकलेखनाचा नमुना एका उपघटकाचा आणि प्रश्न दुसऱ्याच उपघटकाचे असणं. अनुभवी परीक्षकांना या गोष्टी पानं चाळता चाळता दिसतात. यांतलं काही खरंच लिहिण्यातल्या गडबडीने झालं असेल तर साधं सांगा: "तारीख चुकली आहे, शाळेच्या नोंदवहीत हा पाठ सोमवारचा आहे." सारवासारव करत बसू नका.

टाचण सिनियरच्या फाइलवरून किंवा बाजारातल्या पुस्तकावरून घेतलं असेल तर? असं बरेच जण करतात आणि परीक्षकांनाही ते माहीत असतं. तो पाठ तुम्ही वर्गात खरंच घेतला असेल, तर मार्ग आहे: "मूळ टाचण तयार होतं. त्यात भाकरीचं चित्र होतं, पण गोल आकृतीचे सहा समान भाग मुलांना काढता येईनात, म्हणून मी पट्ट्या घेतल्या." काय घेतलं आणि काय बदललं, एवढं प्रामाणिकपणे सांगता आलं की पुरे. मात्र जो पाठ घेतलाच नाही, त्याचं नमुना उत्तर कोणी देऊ शकत नाही. मुलांनी कोणती चूक केली, हा एकच प्रश्न तो उघडा पाडतो. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बीएडमध्ये किमान २० आठवडे शाळेत घालवायचे असतात. एवढ्या काळातला एकही प्रसंग सांगता न येणं, हे फाइलमधल्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त खटकतं.

उत्तर येत नसेल तर

हर्बार्टच्या पंचपदीत किती पायऱ्या स्वतः हर्बार्टच्या, असं एखादे परीक्षक विचारतात. मूळ मांडणी चार पायऱ्यांची होती आणि त्याच्या अनुयायांनी तिच्या पाच केल्या, हे तुम्हाला आठवलं नाही तर "नक्की आठवत नाही सर, पण माझ्या पाठात प्रस्तावना ते उपयोजन हा क्रम असा आला आहे" म्हणत आपल्या पानावर या. ठोकून दिलेल्या उत्तरावर चार उपप्रश्न येतात. 'आठवत नाही' म्हटल्यावर बहुधा परीक्षक पुढे सरकतात.

आदल्या संध्याकाळी काय करायचं?

फाइल तुमच्याकडे नसते, ती जमा झालेली असते. म्हणून जमा करण्याआधीच तिच्या प्रत्येक पानाचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. आदल्या संध्याकाळी दोन्ही मेथडचे मिळून पाच पाठ निवडा आणि प्रत्येकासाठी कागदावर तीनच ओळी लिहा: मुलं कुठे अडली, मार्गदर्शकांनी काय लिहिलं, पुढच्या वेळी मी काय बदललं. पंधरा ओळी होतात. एखाद्या पाठाची पहिली ओळ लिहिताच आली नाही, तर त्या दिवशी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला फोन करा. मुलं नेमकी कुठे गोंधळली होती, हे त्यांच्या निरीक्षण वहीत बहुतेक लिहिलेलं असतं.